कॉलर: हातातल्या शेअरला पुटचे संरक्षण, कॉल विकून भागवलेला खर्च – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेतले आहे. तुमच्याकडे एका कंपनीचे १००० शेअर आहेत आणि आजचा भाव ५०० आहे. तीन महिन्यांच्या मुदतीचा ४७५ स्ट्राइकचा पुट तुम्ही १३ ला विकत घेता आणि त्याच मुदतीचा ५४० स्ट्राइकचा कॉल १० ला विकता. स्ट्राइक म्हणजे ऑप्शनमध्ये शेअर देण्या-घेण्याचा ठरलेला भाव. सगळे भाव प्रतिशेअर आहेत, चलन कोणतेही धरा. दलाली आणि कर बाजूला ठेवले आहेत. जिथे त्यांनी फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

कॉलरमध्ये नेमके काय काय असते?

तीन गोष्टी: हातातले शेअर, विकत घेतलेला पुट आणि विकलेला कॉल. पुटमुळे मुदत संपताना शेअर ४७५ ला देण्याचा हक्क तुम्हाला मिळतो, भाव कितीही खाली गेलेला असो. कॉल विकल्यामुळे ५४० ला शेअर देण्याचे बंधन तुमच्यावर येते, भाव कितीही वर गेलेला असो. म्हणजे मुदतीअखेर तुमच्या शेअरची किंमत ४७५ च्या खाली मोजली जात नाही आणि ५४० च्या वरही मोजली जात नाही. दोन्हींच्या मध्ये भाव असेल तर दोन्ही ऑप्शन शून्यावर संपतात आणि शेअर जिथे आहे तिथेच राहतो.

दोन्ही ऑप्शनची मुदत एकच असावी आणि दोन्ही शेअरसंख्येइतकेच असावेत. यातली एक अट मोडली तरी पुढची सगळी गणिते बदलतात.

निव्वळ प्रीमियम कसा काढायचा?

प्रीमियम म्हणजे ऑप्शनची किंमत. पुटसाठी दिलेल्या रकमेतून कॉलसाठी मिळालेली रक्कम वजा करायची. इथे १३ वजा १०, म्हणजे ३. हे ३ तुमच्या खिशातून गेले, १००० शेअरसाठी ३०००. कॉलचे पैसे पुटपेक्षा जास्त आले असते तर उत्तर उणे आले असते आणि तेवढी रक्कम तुमच्याकडे जमा झाली असती.

इथे एक सवय लावून घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. कॉलचे १० ‘उत्पन्न’ म्हणून वेगळे लिहू नका आणि पुटचे १३ ‘विम्याचा खर्च’ म्हणून वेगळे लिहू नका. दोन नोंदी झाल्या की लोक कॉलचे उत्पन्न आधीच मिळालेला नफा म्हणून मोजतात. मग भाव ५४० च्या वर गेला की त्याच कॉलवरचा तोटा त्यांना अनपेक्षित वाटतो. कॉलर हा एकच व्यवहार आहे आणि त्याची किंमत ३ आहे.

मुदतीअखेर नफा-तोटा किती होईल?

आजचा भाव ५०० हा पाया धरला, तर:

| मुदतीअखेर भाव | शेअरवर | पुटवर | कॉलवर | निव्वळ प्रीमियम | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| ४०० | −१०० | +७५ | ० | −३ | −२८ |
| ४७५ | −२५ | ० | ० | −३ | −२८ |
| ५०३ | +३ | ० | ० | −३ | ० |
| ५२० | +२० | ० | ० | −३ | +१७ |
| ५४० | +४० | ० | ० | −३ | +३७ |
| ६०० | +१०० | ० | −६० | −३ | +३७ |

जास्तीत जास्त तोटा २८, म्हणजे १००० शेअरवर २८,०००. जास्तीत जास्त नफा ३७, म्हणजे ३७,०००. ना नफा ना तोटा असा भाव ५०३, म्हणजे आजचा भाव अधिक निव्वळ प्रीमियम.

स्प्रेडशीटमध्ये हे सगळे एका ओळीत मावते. मुदतीअखेरचा भाव A2 मध्ये असेल तर:

```
=MIN(MAX(A2,475),540)-500-13+10
```

आकडेमोड बरोबर आहे हे कसे पडताळावे?

कमाल नफा आणि कमाल तोटा यांच्यातले अंतर नेहमी दोन स्ट्राइकमधल्या अंतराइतकेच असते. इथे +३७ पासून −२८ पर्यंत ६५, आणि ५४० वजा ४७५ हेही ६५. प्रीमियम काहीही असला तरी हे अंतर बदलत नाही. प्रीमियम फक्त संपूर्ण आलेख वर किंवा खाली सरकवतो. पट्ट्याची रुंदी स्ट्राइक ठरवतात, त्याची उंची निव्वळ प्रीमियम ठरवतो. कॉलरबद्दलचे बहुतेक गोंधळ या एका वाक्याने सुटतात.

तुमच्या तक्त्यात हे अंतर जुळत नसेल, तर बहुतेक वेळा एका टोकाला प्रीमियमचे चिन्ह उलटे पडलेले असते किंवा प्रीमियम एकाच टोकाला लावलेला असतो. ‘तोटा २५ आणि नफा ३७’ असे लिहिलेले आढळले, तर खालच्या टोकाला प्रीमियम वजा करायचा राहून गेला आहे.

कमाल तोटा म्हणजे भरलेला प्रीमियमच ना?

नाही. नुसता पुट विकत घेतलेल्या माणसाच्या बाबतीत ते खरे असते. तुमच्याकडे मात्र शेअर आहे. भाव ५०० वरून ४७५ पर्यंत घसरेपर्यंत पुट तुम्हाला काहीच देत नाही, आणि ही २५ ची घसरण पूर्णपणे तुमची. तोटा म्हणजे हे २५ अधिक निव्वळ प्रीमियम. आजचा भाव आणि पुटचा स्ट्राइक यांच्यातले हे अंतर तुम्ही स्वतःच्या अंगावर घेता म्हणूनच पुट १३ ला मिळतो. ५०० चा पुट घ्यायला गेलात तर त्याहून बरेच जास्त मोजावे लागेल.

मी शेअर ४२० ला घेतले होते. मग हिशेब ५०० पासून का करायचा?

दोन्ही हिशेब बरोबर आहेत, फक्त त्यांचे काम वेगळे आहे. खरेदीभावापासून पाहिले तर कॉलरनंतर तुमचा नफा कमीत कमी ४७५ − ४२० − ३ म्हणजे ५२, आणि जास्तीत जास्त ५४० − ४२० − ३ म्हणजे ११७. करासाठी आणि स्वतःच्या नोंदींसाठी हे आकडे लागतात.

कॉलर करावी की नाही हे मात्र ५०० पासून ठरवा. आज शेअर विकले तर ५०० हातात येतात. कॉलर करून धरून ठेवले तर तीन महिन्यांनी ४७२ ते ५३७ यांच्यामध्ये काहीतरी हातात येईल. तुलना या दोन पर्यायांची आहे. ४२० पासून मोजले की खालचे टोकही नफ्यात दिसते, आणि मग आजच्या भावापासून २८ गमावण्याची शक्यता नजरेआड होते.

शून्य खर्चाची कॉलर घेतली तर प्रीमियमचा प्रश्नच मिटेल ना?

कॉलचा स्ट्राइक खाली आणला की कॉल महाग विकला जातो. समजा ५३० चा कॉल १३ ला विकला गेला. पुट १३, कॉल १३, निव्वळ प्रीमियम शून्य. आता कमाल तोटा २५ आणि कमाल नफा ३०. (पडताळणी: ३० अधिक २५ म्हणजे ५५, आणि ५३० वजा ४७५ हेही ५५.)

आधीच्या कॉलरशी तुलना करा. भाव ५३० च्या खाली राहिला तर शून्य खर्चाची कॉलर प्रत्येक ठिकाणी ३ ने सरस आहे. ५३३ ला दोन्ही सारख्या. ५४० च्या वर गेल्यावर ती ७ ने मागे पडते, कारण तिथे ३७ ऐवजी ३० च मिळतात. म्हणजे किंमत द्यावी लागलीच. ती रोख न देता वरच्या बाजूच्या नफ्यातून दिली, इतकेच. शेअर तीन महिन्यांत ५३० ओलांडण्याची शक्यता तुम्हाला कमी वाटत असेल, तर हा सौदा रास्त आहे. ‘फुकट मिळते’ या एकाच कारणासाठी ५३० निवडला असेल, तर तो स्ट्राइक तुमच्या मतावरून ठरला नाही, पुटच्या किमतीवरून ठरला.

आमचे मत असे: आधी पुटचा स्ट्राइक ठरवा, म्हणजे किती घसरण सोसायची ते. मग स्वतःला विचारा की कोणत्या भावाला हे शेअर हातचे गेले तरी चालतील. तो कॉलचा स्ट्राइक. निव्वळ प्रीमियम या दोन उत्तरांमधून जो निघेल तो निघू द्या. तो फारच टोचत असेल तर एक स्ट्राइक सरकवा, पण कशाच्या बदल्यात सरकवतो आहोत हे लिहून ठेवा.

५०० पासून पुट २५ दूर आहे आणि कॉल ४० दूर, तरी दोघांची किंमत जवळपास कशी?

या किमती ठरण्यामागे मुख्यतः तीन कारणे. त्यातले पहिले त्यांना जवळ आणते, बाकीची दोन दूर नेतात. पहिले म्हणजे व्याज. मुदतीच्या शेवटी अपेक्षित असलेला भाव आजच्या भावापेक्षा व्याजाइतका वर धरला जातो, म्हणून कॉल थोडे महाग आणि पुट थोडे स्वस्त होतात. व्याजदर जितका जास्त आणि मुदत जितकी लांब, तितकी कॉलर तुम्हाला सोयीची पडते. दुसरे कारण लाभांश. तो याच्या बरोबर उलट काम करतो, कारण लाभांश दिल्यावर भाव तेवढा उतरतो हे बाजाराने आधीच गृहीत धरलेले असते. तिसरे म्हणजे घसरणीची भीती. खालच्या स्ट्राइकच्या पुटना मागणी जास्त असते, म्हणून त्यांच्या किमतीत धरलेली अस्थिरता बहुधा वरच्या कॉलपेक्षा जास्त असते. हे तिसरे कारण तुमच्या विरुद्ध जाते: तुम्ही महाग बाजूला विकत घेता आणि स्वस्त बाजूला विकता. बाजार घाबरलेला असताना कॉलर करायला गेलात तर हा फरक आणखी वाढलेला दिसेल.

स्क्रीनवर हिशेब २.४० चा दिसत होता, प्रत्यक्षात ३ लागले. असे का?

स्क्रीनवर पुट १२.४० ला घेणारे आणि १३.०० ला विकणारे आहेत, कॉल १०.०० ला घेणारे आणि १०.६० ला विकणारे आहेत, असे समजा. मधले भाव धरले तर १२.७० वजा १०.३० म्हणजे २.४०. पण लगेच सौदा व्हावा म्हणून तुम्ही पुट १३.०० ला उचलता आणि कॉल १०.०० ला देता, म्हणून ३.००. हे ०.६० म्हणजे १००० शेअरवर ६००. शेवटच्या सौद्याचा भाव तर मुळीच धरू नका. कमी उलाढालीच्या स्ट्राइकवर तो सौदा काही तासांपूर्वीचाही असू शकतो.

यावर उपाय म्हणजे दोन्ही सौदे एकाच जोड-ऑर्डरमध्ये, निव्वळ प्रीमियमची मर्यादा घालून टाकणे. २.७० ची मर्यादा लावून थोडा वेळ वाट पाहिली तर बऱ्याचदा काम होते. तशी सोय नसेल तर पुट आधी घ्या, मग कॉल विका. मधल्या वेळात भाव १० ने पडला आणि कॉल १० वरून ७ वर आला, तर निव्वळ प्रीमियम ६ होईल. त्रास होईल, पण संरक्षण हातात असेल. उलट क्रमाने गेलात तर त्याच घसरणीत तुमच्याकडे फक्त विकलेला कॉल असेल, आणि पुट तुमच्या डोळ्यांसमोर महाग होत जाईल.

एका महिन्यातच भाव ५४० झाला. मग खात्यात ३७ चा नफा का दिसत नाही?

कारण ३७ हा आकडा मुदतीच्या शेवटच्या दिवसाचा आहे. दोन महिने उरलेले असताना ५४० चा कॉल शून्य नसतो, उलट त्याचे वेळमूल्य, म्हणजे मुदत शिल्लक असल्यामुळे असलेली किंमत, तेव्हा सर्वांत जास्त असते. साधारण परिस्थितीत त्याचा भाव २३ च्या आसपास आणि पुटचा ३ च्या आसपास असेल. हिशेब असा: शेअरवर +४०, पुट १३ वरून ३ म्हणजे −१०, कॉल १० वरून २३ म्हणजे −१३. एकूण +१७.

आज कॉलर मोडायची असेल तर पुट ३ ला विकावा लागेल आणि कॉल २३ ला परत घ्यावा लागेल, म्हणजे आणखी २० द्यावे लागतील. सुरुवातीचे ३ धरून ऑप्शनवर २३ गेले, शेअरवर ४० आले, उरले १७. थांबलात आणि भाव ५४० वरच राहिला तर उरलेले २० हळूहळू तुमच्याकडे येतील. पण भाव खाली आला तर येणार नाहीत. म्हणून तक्त्यातला आलेख मधल्या काळासाठी वाचू नये. सुरुवातीला भाव १ ने हलला की संपूर्ण कॉलरची किंमत जेमतेम ०.४० ने हलते, बाकीची हालचाल दोन ऑप्शन शोषून घेतात. घसरणीतही तसेच होते, म्हणजे तोटाही संथपणे दिसतो.

भाव ६०० झाला. माझा नफा ठरलेला आहे, तरी पैसे भरायला का सांगतात?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि लोक तो सर्वांत उशिरा विचारतात. सौदा पूर्ण कसा होतो यावर उत्तर अवलंबून आहे.

शेअर देऊन पूर्तता होत असेल तर गोष्ट सरळ आहे. कॉल घेणारा ५४० देतो, तुम्ही शेअर देता. मात्र शेअर मोकळे हवेत. तारण ठेवलेले किंवा वेगळ्या खात्यात अडकलेले शेअर वेळेवर देता आले नाहीत, तर दंड किंवा सक्तीच्या खरेदीचा खर्च तुमच्या माथी येतो.

पूर्तता रोखीत होत असेल तर शेअर तुमच्याकडेच राहतात आणि फरकाची रक्कम द्यावी लागते: ६० गुणिले १००० म्हणजे ६०,०००. शेअरवर १,००,००० चा नफा झालेला आहे, पण तो कागदावर. रोख तर आजच द्यायची आहे. हातात रोख नसेल तर काही शेअर विकावे लागतील, म्हणजे इथे १०० शेअर ६०० ला.

शिवाय विकलेल्या कॉलसाठी मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची हमीची रक्कम, लागते. तुमचे शेअर त्या कॉलचे आच्छादन म्हणून धरले जातात की नाही, हे सौद्याआधी ब्रोकरला विचारा. धरले जात नसतील तर भाव चढत असताना मुदत संपण्यापूर्वीच जादा मार्जिनची मागणी येत राहील. ती पूर्ण झाली नाही तर ब्रोकर कॉल बंद करेल, तोही बहुधा भाव सर्वांत प्रतिकूल असताना. कॉलर कागदावर निर्धोक असूनही मोडते ती अशी.

माझ्याकडे ११०० शेअर आहेत आणि ऑप्शनचा एक लॉट २५० शेअरचा आहे. किती लॉट घ्यावेत?

चार. म्हणजे १००० शेअरवर कॉलर, आणि १०० शेअर उघडे. पाचवा लॉट करून ‘पूर्ण संरक्षण’ घेण्याचा मोह टाळा. पाच लॉटचे कॉल म्हणजे १२५० शेअर देण्याचे बंधन, आणि तुमच्याकडे आहेत ११००. उरलेल्या १५० वर तुम्ही शेअर हाती नसताना कॉल विकलेला आहे, आणि ५४० च्या वर प्रत्येक १ च्या चढीला एकूण १५० चा तोटा होत राहील, त्याला वरची मर्यादा नाही. उरलेल्या १०० शेअरचीही काळजी असेल तर पुट पाच लॉटचे घ्या आणि कॉल चारच विका. खर्च वाढेल, पण वरच्या बाजूने धोका राहणार नाही.

लाभांशामुळे काय बदलते?

शेअर तुमच्या नावावर असेपर्यंत लाभांश तुमचाच. या काळात ६ चा लाभांश मिळाला तर पट्टा −२८ ते +३७ ऐवजी −२२ ते +४३ असा वर सरकतो. पण तो निव्वळ लाभ समजू नका, कारण अपेक्षित लाभांशामुळे सुरुवातीलाच तुमचा पुट महाग आणि कॉल स्वस्त झालेला असतो.

खरी सावधगिरी हवी ती मुदतीपूर्वी वापरता येणारा कॉल विकला असेल तेव्हा. लाभांशाची तारीख जवळ आली, भाव कॉलच्या स्ट्राइकच्या बराच वर गेलेला आहे आणि त्यात उरलेले वेळमूल्य लाभांशापेक्षा कमी आहे, असे झाले की समोरचा माणूस आदल्या दिवशी कॉल वापरून शेअर घेऊन जाऊ शकतो. उदाहरणार्थ भाव ५६०, कॉल २२ ला, म्हणजे वेळमूल्य २, आणि लाभांश ६. इथे शेअर जाणार असेच धरून चाला. ते नको असेल तर त्याआधीच कॉल परत घ्या किंवा पुढच्या मुदतीत न्या. फक्त मुदतीअखेरच वापरता येणाऱ्या ऑप्शनमध्ये हा प्रश्न येत नाही.

शेवटच्या दिवशी भाव ५४० च्या आसपास घुटमळत असेल तर?

तेव्हा शेअर राहणार की जाणार हे बंद होईपर्यंत कळत नाही. ५३९.५० ला बंद झाला तर शेअर तुमच्याकडे आणि संरक्षण संपलेले. ५४०.५० ला बंद झाला तर शेअर गेलेले. दोन्ही शक्यता तुम्हाला चालत असतील तर काहीच करू नका. चालत नसतील तर दुपारीच कॉल परत घ्या, तेव्हा त्यात फारसे मूल्य उरलेले नसते. शेअर ठेवून संरक्षणही सुरू ठेवायचे असेल तर त्याच दिवशी पुढच्या मुदतीची कॉलर लावा, आणि तिचा निव्वळ प्रीमियम ५४० हा पाया धरून नव्याने काढा. जुने ३ त्यात मिसळू नका. ते तीन महिने संपलेल्या कॉलरचे होते.